बोअर्ड की बोअरिंग: भावना कोणाला होते आणि ती कोण निर्माण करते?

प्रश्न: ‘माझी मुलगी इंग्रजीच्या गाळलेल्या जागा भरताना बोअर्ड आणि बोअरिंग यांत नेहमी गोंधळते. माणसासाठी पहिले आणि वस्तूसाठी दुसरे, असा नियम मी सांगितला, तरी ती ‘आय ॲम बोअरिंग’ असेच लिहिते. हे कसे समजावावे?’

उत्तर: ‘आय ॲम बोअरिंग’ हे वाक्य व्याकरणाने शुद्ध आहे. मात्र त्याचा अर्थ ‘माझ्यामुळे लोकांना कंटाळा येतो’ असा होतो, आणि मुलीला तो अभिप्रेत नसतो. तिच्या मनात ‘मला कंटाळा येतो आहे’ हे मराठी वाक्य असते. ‘मी जातो आहे’ म्हणजे ‘आय ॲम गोइंग’ हे ती आधी शिकलेली असल्यामुळे ‘येतो आहे’साठीही तिच्या लेखणीतून आयएनजी उतरते. चुकीचे मूळ इथे आहे आणि माणूस व वस्तू हा भेद तिथपर्यंत पोहोचतच नाही.

मराठीत ‘मला कंटाळा आला’ म्हणताना येणारा असतो कंटाळा, आणि आपण ‘मला’ या रूपात बाजूला उभे असतो. इंग्रजीत मात्र ‘बोअर’ हे क्रियापद ‘कंटाळा आणणे’ या अर्थाचे आहे: ‘द लेसन बोअर्स मी’, म्हणजे तो धडा मला कंटाळा आणतो. त्यामुळे बोअरिंग म्हणजे कंटाळा आणणारा आणि बोअर्ड म्हणजे ज्याला कंटाळा आणला गेला तो, म्हणजेच कंटाळलेला. मराठीत ही जोडी ‘घाबरवणारा’ आणि ‘घाबरलेला’ या शब्दांत फार स्वच्छ दिसते: फ्रायटनिंग कुत्रा घाबरवणारा असतो आणि फ्रायटन्ड मूल घाबरलेले असते. मुलीला ‘घाबरणारा’ हा शब्द मात्र या ठिकाणी देऊ नये, कारण त्यात आयएनजीसारखा भासणारा ‘-णारा’ असला तरी भावना त्याच माणसाची राहते आणि गोंधळ पुन्हा सुरू होतो. ‘-वणारा’ किंवा ‘आणणारा’ हा शेवट आयएनजीशी आणि ‘-लेला’ हा शेवट ईडीशी जोडावा.

आता गाळलेल्या जागा घेऊ. ‘द लेसन वॉज लाँग अँड द चिल्ड्रन वर ____.’ इथे मुले कंटाळलेली आहेत, म्हणून बोअर्ड. हे उत्तर तुम्ही सांगितलेल्या नियमानेही बरोबर येते. पुढचे वाक्य पाहा: ‘अवर नेबर टॉक्स अबाउट हिज कार ऑल डे. ही इज व्हेरी ____.’ कर्ता माणूसच आहे, पण दिवसभर गाडीविषयी बोलणारा हा शेजारी स्वतः कंटाळलेला नाही, तो ऐकणाऱ्यांना कंटाळा आणतो, त्यामुळे इथे बोअरिंग हवे. माणूस आणि वस्तू यांचा नियम पाळणारी मुलगी इथे बोअर्ड लिहील आणि चुकेल. उलट बाजूने ‘ॲन एक्सायटेड व्हॉइस’ पाहा: आवाज काही माणूस नाही, तरी त्यात बोलणाऱ्याचीच उत्सुकता असल्याने ईडी येते. म्हणून मुलीने जागा भरण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा: ही भावना कर्त्याला होते आहे की कर्ता ती दुसऱ्याला देतो आहे?

रिकाम्या जागेनंतरचा शब्दही पुष्कळदा मदत करतो. ‘शी इज नॉट ____ इन क्रिकेट’ या वाक्यातील ‘इन’ पाहिल्याबरोबर इंटरेस्टेड सुचले पाहिजे. तसेच बोअर्ड विथ, फ्रायटन्ड ऑफ आणि एक्सायटेड अबाउट. हे शब्द भावना कशाविषयी आहे ते दाखवतात, आणि म्हणून ते भावना होणाऱ्याच्या विशेषणामागे येतात. ही खूण पक्की असावी यासाठी विशेषण आणि त्यामागचा शब्द यांचे पाठांतर मी जोडीनेच करायला सांगतो.

काही वेळा दोष मुलीचा नसून प्रश्नाचा असतो. ‘ही इज ____’ एवढेच देऊन कंसात ‘बोअर’ लिहिले, तर बोअर्ड आणि बोअरिंग ही दोन्ही उत्तरे बरोबर आहेत, आणि त्यांतले एक चूक ठरवणे अन्यायाचे आहे. शेजाऱ्याच्या उदाहरणात आधीच्या वाक्याने संदर्भ दिला, म्हणून उत्तर एकच राहिले. घरी सरावासाठी वाक्ये तयार कराल, तेव्हा असे आधाराचे वाक्य अवश्य जोडा.

प्रत्येक शब्दाची जोडी मात्र याच साच्यातील असते असे नाही. स्केअर्डच्या समोर सामान्यतः स्केअरी येते, स्केअरिंग नव्हे, आणि इम्प्रेस्डच्या समोर इम्प्रेसिव्ह. बोअर, इंटरेस्ट, एक्साइट, सरप्राइझ आणि टायर यांच्या जोड्या मुलीला न अडखळता जमू लागेपर्यंत हे शब्द सरावात आणू नयेत, नाहीतर ती स्केअरिंग लिहील आणि त्यात चूक काय, हे तिला शिकलेल्या नियमाने कळणार नाही.