तंबाखू मोजू नका, झुरके मोजा

प्रश्न: "सिगारेट सोडून विडीवर आलोय, शनिवार-रविवार मित्रांबरोबर हुक्का. विडीत तंबाखू कमी असतो आणि हुक्क्याचा धूर पाण्यातून गाळून येतो, म्हणजे फुफ्फुसांना त्रास कमीच ना?"

नाही. विडीने कमी होत नाही, हुक्क्यानेही नाही. मी गोव्यात एका इस्पितळात स्पायरोमेट्रीच्या मशीनवर काम करते, म्हणजे रोज लोकांना नळीत फुंकायला लावते. "मी फक्त विडी ओढतो" हे वाक्य तिथे रोज कानावर पडतं. आमच्या घरातही ते वर्षानुवर्षं ऐकलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमचा तंबाखूचा हिशेब वजनापुरता बरोबर आहे. विडीत साधारण 0.2 ग्रॅम तंबाखू असतो, सिगारेटमध्ये त्याच्या तिप्पट-चौपट. पण फुफ्फुसात तंबाखू जात नाही, धूर जातो, आणि किती धूर जाणार हे ओढण्यावर ठरतं. सिगारेटच्या कागदाला बारीक छिद्रं असतात. त्यातून थोडी हवा आत येते, थोडा वायू बाहेर जातो, आणि ती हातात धरून ठेवली तरी जळत राहते. तेंदूच्या पानाला छिद्रं नाहीत आणि ते नीट पेटतही नाही. विडी हातात धरून गप्पा मारत बसलात की विझली. ती पेटती ठेवायची तर सारखी ओढावी लागते, आणि जोर लावून ओढावी लागते. ओढण्याची मोजणी झाली आहे: एक सिगारेट 9 झुरक्यांच्या आसपास संपते, विडीला 28 च्या आसपास लागतात. शिवाय पानाच्या आत हवा कमी, म्हणून जळणं अर्धवट, म्हणून कार्बन मोनॉक्साइड आणि डांबर जास्त. फिल्टर तर नाहीच. एवढीशी विडी सिगारेटपेक्षा हलकी वाटते, पण यंत्रावर तपासलं तर तिच्या धुरात निकोटीन, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटपेक्षा कमी नाही, जास्त सापडतं.

आमचे बाबा डिचोलीकडे खाणीचा ट्रक चालवायचे. खाणीवरून जेटीपर्यंत माल न्यायचा, जेटीवर ट्रकांची ही लांब रांग, आणि रांगेत विडी. दिवसाला बंडल जायचं. सिगारेटला ते "पोरांचा शौक" म्हणायचे. विडी म्हणजे झाडाचं पान, त्यात कसलं आलंय केमिकल, हे त्यांचं मत, आणि माझ्या थोरल्या भावाचं आजही तेच मत आहे. 2012 साली खाणी बंद पडल्या, ट्रक दारात उभा राहिला. विडी चालू राहिली, उलट रिकामपणामुळे वाढली.

त्यानंतर चार-पाच वर्षांनी चवथीला बाबा गणपतीच्या वर टांगायची फळांची माटोळी बांधायला स्टुलावर चढले. आमच्या घरी माटोळी त्यांनीच बांधायची, दुसऱ्या कोणी हात लावलेला त्यांना खपत नसे. चार नारळ आणि सुपारीचा घोस बांधून झाला, कवंडाळ हातात घेतलं, आणि ते खाली उतरले. स्टुलावरच बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवून, पुढे वाकून. ओठ शीळ घालताना करतो तसे आवळलेले आणि त्यातून हळूहळू श्वास सोडत होते. मानेच्या शिरा प्रत्येक श्वासाला ताठ होत होत्या. दादा म्हणाला, "वय झालं, बाबा, उद्या मी बांधतो." मी काही बोलले नाही, कारण हे बसणं मी इस्पितळात रोज बघत होते.

हे कळायला मशीन लागत नाही. सपाट रस्त्यावर माणूस नीट चालतो, पण हात डोक्याच्या वर नेऊन काही करायला गेला की दम लागतो: माळ्यावरचं भांडं काढताना, दोरीवर कपडे वाळत घालताना, केस विंचरताना. खांद्याचे आणि मानेचे जे स्नायू अशा माणसाला श्वास ओढायला मदत करत असतात, तेच हात वर धरायलाही लागतात. दोन्ही कामं एकदम जमत नाहीत. आणि ओठ आवळून श्वास सोडणं कोणी शिकवलेलं नसतं. आतल्या सैल पडलेल्या नळ्या श्वास सोडताना मिटतात, त्या उघड्या राहाव्यात म्हणून शरीर स्वतःच ते शोधून काढतं. सकाळचा खोकला आणि कफ तर त्याआधी कित्येक वर्षं असतो. घरचे त्याला "विडीचा खोकला" म्हणून सोडून देतात.

गावातल्या दवाखान्यात त्याआधी बाबांचा एक्स-रे काढला होता. "फुफ्फुसं स्वच्छ आहेत" असं सांगून खोकल्याचं औषध दिलं. बाबांनी ती फिल्म कपाटात जपून ठेवली आणि कोणी विडीवरून बोललं की दाखवायचे. याचा मला आजही राग येतो. श्वासनळ्या अरुंद झाल्याचं साध्या एक्स-रेवर सुरुवातीला दिसतच नाही. बंडल ओढणाऱ्या, पन्नाशी ओलांडलेल्या, रोज खोकणाऱ्या माणसाला फुंकायला लावायला हवं होतं.

चवथ झाल्यावर मी बाबांना माझ्या मशीनसमोर बसवलं. नाकाला चिमटा, तोंडात नळी, पोटभर श्वास आणि मग एका झटक्यात सगळा बाहेर, निदान सहा सेकंद, मी शेजारी "फुंका, फुंका, अजून, अजून" ओरडतेय. त्यांनी एकूण 2.60 लिटर हवा बाहेर टाकली, पण पहिल्या सेकंदात फक्त 1.15 लिटर. निरोगी माणसाची 70 टक्क्यांहून जास्त हवा पहिल्याच सेकंदात निघून जाते. बाबांची 44 टक्के निघाली. मग श्वासनळ्या उघडणाऱ्या साल्ब्युटामॉलचे फवारे देऊन पंधरा मिनिटं थांबलो आणि पुन्हा फुंकायला लावलं. दमा असता तर आकडा बऱ्यापैकी उसळला असता. तो 1.22 लिटरवर गेला, एकूण 2.70, म्हणजे 45 टक्के. औषधाने न उघडणारा अडथळा. डॉक्टरांनी कागद बघून सीओपीडी लिहिलं, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार. पहिल्या सेकंदाची हवा त्यांच्या वयाच्या आणि उंचीच्या माणसाच्या निम्म्यावर आली होती.

दादाचं म्हणणं, हे खाणीच्या धुळीनं झालं. यावर आमच्यात अजून भांडण होतं, म्हणून नीट लिहिते. धुळीनंही श्वासनळ्या खराब होतात, ते मी नाकारत नाही. खाणपट्ट्यात राहिलेल्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावं. पण धूळ आहे म्हणून विडी निर्दोष ठरत नाही, दोन्हींचं नुकसान एकावर एक चढतं. ट्रक थांबला तेव्हा धूळ थांबली, विडी थांबली नाही. तिशीनंतर कोणाचीही पहिल्या सेकंदाची हवा वर्षाला साधारण 25 ते 30 मिलीलिटरने कमी होते, आणि धुराचा फटका बसणाऱ्या माणसाची त्याच्या दुपटीने कमी होते. गेलेलं परत येत नाही, फक्त उतार मंदावतो. बाबांनी कागद बघून विडी सोडली. दोन वर्षांनी पुन्हा फुंकायला लावलं तर 1.18 आलं, म्हणजे जवळपास तिथेच. विडी चालू असती तर हा आकडा मला खूपच खाली दिसला असता, असं मला रोजच्या रिपोर्टांवरून ठामपणे वाटतं.

आता हुक्का. त्यातलं पाणी धूर गार करतं, गाळत नाही. गार धूर घशाला टोचत नाही, म्हणून माणूस तो खोलवर आणि भरपूर घेतो. सिगारेटचा झुरका 40 ते 75 मिलीलिटरचा असतो, हुक्क्याचा 150 मिलीलिटरपासून थेट एक लिटरपर्यंत. पाण्यात थोडं निकोटीन राहतं, पण त्यामुळे तलफ भागायला आणखी ओढावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेने 2005 साली हिशेब मांडला होता: तासभराच्या एका बैठकीत 100 किंवा अधिक सिगारेटींइतका धूर आत जाऊ शकतो. हा धुराच्या आकारमानाचा हिशेब आहे, 100 सिगारेटींइतकी सगळी विषं असा नाही. आणि वर कोळसा जळतोय, त्याचा कार्बन मोनॉक्साइड पाण्यातून सरळ पार होतो. तंबाखूविरहित "हर्बल" हुक्क्यातही कोळसा तोच.

दादाचा मुलगा, माझा भाचा, किनाऱ्याकडे मित्रांबरोबर हुक्का ओढून आला आणि डोकं फुटतंय, मळमळतंय म्हणत आमच्याकडे पोचला. बोटाला ऑक्सिमीटर लावला तर 98. दादा फोनवर म्हणतो, "बघ, ऑक्सिजन मस्त आहे." बोटाचं यंत्र ऑक्सिजन चिकटलेलं हिमोग्लोबिन आणि कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन यांत फरक करू शकत नाही, दोन्ही त्याला लालच दिसतात. रक्त तपासल्यावर 18 टक्के हिमोग्लोबिन कार्बन मोनॉक्साइडने अडवलेलं निघालं. न ओढणाऱ्याचं दोन-तीन टक्क्यांच्या आत असतं. त्याला मास्क लावून ऑक्सिजन दिला. साध्या हवेवर हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास जातात, भरपूर ऑक्सिजनवर तास-दीड तास. हुक्क्यानंतर डोकं दुखलं, चक्कर आली, तर "बोटाला 98 आहे" म्हणून झोपू नका, मोकळ्या हवेत या आणि इस्पितळात जाऊन रक्त तपासून घ्या.

यातून मी सिगारेटकडे परत जा असं सांगत नाहीये. लाइट सिगारेटवर गेलेले लोकही तेवढंच निकोटीन मिळवायला जोरात आणि खोल ओढतात. तुम्ही विडीवर तेच करताय. पैसे वाचवायला विडी घेत असाल तर तसं म्हणा, तो वेगळा हिशेब आहे. सोडायची असेल तर 1800-112-356 हा सरकारचा मोफत क्रमांक आहे, निकोटीनची च्युइंगम आणि गोळ्याही आहेत, डॉक्टरांना विचारून घ्या. तुमचं वय कळलं नाही. चाळिशी ओलांडली असेल आणि सकाळी कफ पडत असेल तर एकदा स्पायरोमेट्री करून घ्या. त्याआधी निदान तासभर विडी नको, पोट तुडुंब नको, पंप घेत असाल तर तो कधी थांबवायचा ते आधी विचारा. दादालाही मी दर चवथीला हेच सांगते, कारण बंडल आता त्याच्या खिशात असतं.