स्प्ले ट्रीमध्ये नोड थेट रूटपर्यंत फिरवत नेला तर काय बिघडतं?

प्रश्न: स्प्ले ट्रीत एखादी की शोधायला n पायऱ्या लागू शकतात, तरी सगळे O(log n) म्हणतात. हे अमॉर्टाइज्ड प्रकरण नक्की काय आहे? आणि वापरलेली की वरच आणायची आहे, तर एकेक साधं रोटेशन करत रूटला नेली तर का चालत नाही? झिग-झिगची भानगड कशाला?

---

तुमचे दोन्ही प्रश्न खरं तर एकच आहेत. अमॉर्टाइज्ड म्हणजे एकेका शोधाचा नव्हे, तर ओळीने केलेल्या अनेक शोधांचा मिळून दर शोधामागे पडणारा खर्च. झिग-झिग काढून टाकलं की हा अमॉर्टाइज्ड हिशोब कोसळतो, आणि कुठे कोसळतो ते सात नोडांच्या झाडावर हातानेच दाखवता येतं. कागद-पेन घ्या.

एकेका रोटेशनने नोड रूटला नेण्याची कल्पना स्प्ले ट्रीपेक्षा जुनी आहे. ॲलन आणि मन्रो यांनी १९७८ मध्ये तिचा अभ्यास केला होता. प्रत्येक कीची मागणी ठरावीक संभाव्यतेने, आधीच्या मागण्यांशी संबंध न ठेवता येत असेल, तर ती पद्धत सरासरीत चांगली चालते. पण मागण्यांचा क्रम कुणी मुद्दाम वाईट निवडला, किंवा साधा चढता क्रम लावला, तरी ती गळपटते. स्लेटर आणि टार्जन यांनी १९८५ मध्ये स्प्ले ट्री मांडली तेव्हा याच दुखण्यावर इलाज केला.

आता १ ते ७ या की चढत्या क्रमाने घातल्या असं समजा. नवी घातलेली कीही रूटलाच येते, म्हणून रूटला ७, त्याच्या डावीकडे ६, त्याच्या डावीकडे ५, असं करत तळाला १. म्हणजे झाड नाहीच, नुसती साखळी. आता १ शोधा.

साध्या पद्धतीत १ हा २ च्या वर जातो, मग ३ च्या, असं करत सहा रोटेशननंतर रूटला पोचतो. झाड होतं असं: रूट १, त्याच्या उजवीकडे ७, आणि ७ च्या डावीकडे ६, ५, ४, ३, २ ही साखळी जशीच्या तशी. तळाशी गेलेला २ अजून सहा पायऱ्या खाली आहे. सहा रोटेशन करून आपण फक्त १ ला उचललं, बाकीच्यांचं काही भलं झालं नाही. पुढे २ शोधायला पुन्हा सहा, ३ ला पाच, मग चार, तीन, दोन, एक. एकूण २७ रोटेशन. आणि ७ शोधून झाल्यावर जे झाड उरतं ते नेमकं सुरुवातीचंच! म्हणजे हा फेरा कितीही वेळा चालवा, दर फेरीला २७ च लागणार. हजार की असतील तर एका फेरीला ५,००,४९९ रोटेशन, म्हणजे दर शोधाला सुमारे ५००. इथे अमॉर्टाइज्ड म्हणण्यासारखं काहीच उरत नाही.

आता तेच स्प्ले करून. नोड x, त्याचा पेरेंट p आणि ग्रँडपेरेंट g एका रेषेत असतील, म्हणजे दोन्ही डावीकडे किंवा दोन्ही उजवीकडे, तर आधी g खाली फिरवायचा आणि मग p:

```
# x, p दोघेही डावे चाइल्ड (झिग-झिग)
rotate_right(g)   # आधी g खाली, p वर
rotate_right(p)   # मग p खाली, x वर
```

साध्या पद्धतीत `rotate_right(p)` आधी आणि `rotate_right(g)` नंतर असतं. दोन ओळींची अदलाबदल, एवढाच फरक. नागमोडी रचनेत (झिग-झॅग) दोन्ही पद्धती सारख्याच वागतात, आणि p च रूट असेल तर एकच रोटेशन उरतं.

१ ला असं वर आणलं की तीन झिग-झिग होतात, रोटेशन तेवढीच, सहा. पण झाड बघा:

```
1
 \
  6
 / \
4   7
/ \
2   5
 \
  3
```

(सर्वात खालच्या भागात ४ चे चाइल्ड २ आणि ५, आणि २ च्या उजवीकडे ३.)

साखळीची उंची सहा होती, आता चार आहे. २ शोधायला तीनच रोटेशन लागतात आणि त्यानंतर उंची तीनवर येते. पुढे ३ ला दोन, ४ ला एक, ५ ला दोन, ६ ला एक, ७ ला एक. एकूण १६. गंमत अशी की फेरीच्या शेवटी इथेही झाड पुन्हा तीच साखळी होतं. म्हणजे स्प्ले ट्री झाड कायम संतुलित ठेवते हा समज चुकीचा आहे. ती ठेवत नाही. साखळी होऊ देते, पण त्या साखळीत महागडा शोध केला की तो शोधच झाड बऱ्यापैकी पसरट करून जातो. चढत्या क्रमाने एकदा सगळ्या की शोधायला एकूण O(n) च लागतं, हे टार्जन यांनी स्वतंत्रपणे सिद्ध केलं आहे.

हे ‘पसरट करणं’ मोजायचं कसं? प्रत्येक नोडखालच्या उपवृक्षात (तो नोड धरून) किती नोड आहेत ते मोजा, त्याचा log2 घ्या. याला त्या नोडची रँक r म्हणतात. सगळ्या रँकची बेरीज म्हणजे झाडाचं पोटेन्शियल. साखळीत ते जास्त असतं, पसरट झाडात कमी. अमॉर्टाइज्ड खर्च म्हणजे प्रत्यक्ष रोटेशन अधिक पोटेन्शियलमधला बदल. पोटेन्शियल घटलं तर ती घट खर्चातून वजा होते.

आपल्या साखळीत उपवृक्ष ७, ६, ५, ४, ३, २, १ आकाराचे, म्हणून पोटेन्शियल log2(5040), म्हणजे १२.३०. साध्या पद्धतीने १ वर आणल्यावर १ खाली सात, ७ खाली सहा, मग पाच, चार... पुन्हा तेच आकडे, पुन्हा १२.३०. सहा रोटेशन केली आणि पोटेन्शियल तसूभर हललं नाही. अमॉर्टाइज्ड खर्च पूर्ण सहा. स्प्लेनंतर आकार ७, ६, ४, २ आणि तीन वेळा १; गुणाकार ३३६, पोटेन्शियल ८.३९. घट ३.९१. सहातून वजा केली की २.०९.

हे फक्त या साखळीपुरतं नाही. झिग-झिगनंतर g च्या नव्या उपवृक्षात जे नोड असतात ते x च्या जुन्या उपवृक्षात नसतात. दोन्ही गट वेगळे आणि दोन्ही मिळून x च्या नव्या उपवृक्षात मावतात. दोन संख्यांची बेरीज S पेक्षा जास्त नसेल, तर त्यांच्या log2 ची बेरीज 2·log2(S) − 2 पेक्षा जास्त होऊ शकत नाही. हा जो ‘उणे २’ मिळतो, तोच दोन रोटेशनचा खर्च फेडतो. बाकी उरतं ते झिग-झिगमागे फार तर 3(r'(x) − r(x)), ज्यात r' ही नवी रँक. झिग-झॅगमध्येही हीच मर्यादा बसते. या पायऱ्या बेरजेत एकमेकींना खोडत जातात आणि अख्ख्या शोधाला मिळतं:

```
amortized <= 3*(r(root) - r(x)) + 1
```

साध्या पद्धतीत काय होतं? x च्या जुन्या उजव्या उपवृक्षातले नोड फिरून g च्याच खाली येतात. दोन गट एकमेकांवर चढतात, बेरजेची अट मोडते, ‘उणे २’ मिळत नाही. त्या दोन ओळींच्या क्रमाचं महत्त्व एवढंच.

दहा लाख की असतील तर r(root) सुमारे २०, म्हणून दर शोधाला अमॉर्टाइज्ड ६१ च्या आसपास. ही वरची मर्यादा आहे, सरासरी नव्हे. शिवाय सुरुवातीचं झाड साखळी असेल तर त्याचं पोटेन्शियल दोन कोटींच्या घरात जातं, आणि ते पहिल्या काही शोधांत खर्च म्हणून दिसू शकतं. एखादा शोध दहा लाख पायऱ्यांचाही होईल. ज्या प्रणालीत प्रत्येक उत्तर ठरावीक वेळेतच हवं, तिथे स्प्ले ट्री वापरू नका. हे मी ठामपणे सांगतो.

वापरलेली की वर आणण्याचा आणखी एक फायदा आहे: नुकत्याच वापरलेल्या की रूटजवळ राहतात. वरच्या सिद्धतेत नोड मोजताना प्रत्येकाला १ वजन दिलं होतं. पण कुठलंही धन वजन दिलं तरी तीच मर्यादा लागू राहते, आणि प्रोग्रामला त्या वजनांचा पत्ताही नसतो. ती फक्त हिशोबात असतात. मग सर्वात अलीकडे वापरलेल्या कीला १, दुसऱ्या क्रमांकाच्या कीला १/४, तिसऱ्याला १/९, k व्या क्रमांकाला 1/k² असं वजन देऊ. किती का की असेनात, बेरीज १.६५ च्या आतच राहते. k व्या क्रमांकाची की शोधायला मर्यादा येते साधारण 6·log2(k) + 3.2. त्यात n कुठेच नाही! शोध झाला की वजनं नव्याने वाटायची: शोधलेली की पहिली होते, तिच्या आधीच्या थोड्या मागे सरकतात. ती की आता रूटलाच आहे आणि एकूण वजन तेवढंच, म्हणून तिची रँक बदलत नाही. बाकीच्यांची वजनं घटतात किंवा तेवढीच राहतात, म्हणून पोटेन्शियल वाढत नाही. दहा लाख कींमधल्या आठच कींवर काम फिरत असेल, तर सुरुवातीचा खर्च सरल्यावर दर शोध जास्तीत जास्त २१ च्या आसपास. याला वर्किंग सेट प्रमेय म्हणतात. उलट मागण्या सगळ्या कींवर समसमान विखुरलेल्या असतील तर याचा फायदा शून्य, आणि रेड-ब्लॅक ट्री कमी कामात तेच करते.

स्वतः लिहिलेला कोड तपासायला सोपी चाचणी: रोटेशन मोजणारा एक काउंटर ठेवा, की चढत्या क्रमाने घाला आणि चढत्या क्रमानेच फेऱ्या मारा. १,००० आणि २,००० कींसाठी दर शोधाची सरासरी काढा. ती दोन्हीकडे जवळपास सारखी आणि लहान आली तर ठीक. ५०० वरून १,००० झाली तर झिग-झिगचा क्रम उलटा पडलाय. की शोधल्या तर बरोबरच सापडतात, त्यामुळे नेहमीच्या टेस्टमध्ये हे कधीच पकडलं जात नाही.

दुसरी चूक जास्त लपून बसते: की सापडली नाही तर बरेच जण null परत करतात आणि स्प्ले करायचं सोडतात. मग शोध साखळीच्या तळापर्यंत नेणारी, पण झाडात नसलेली की वारंवार मागितली की दर वेळी n पायऱ्या, आणि काउंटर मात्र शून्य, कारण रोटेशनच होत नाही. म्हणून पायऱ्याही मोजा, आणि शोध जिथे संपला तो शेवटचा नोड वर आणा. तसंच झाड कधीही साखळी होऊ शकत असल्याने छापण्याचं किंवा मोकळं करण्याचं फंक्शन रिकर्सिव्ह ठेवलं तर मोठ्या n ला स्टॅक फुटतो.

अनेक थ्रेड असतील तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. इथे नुसतं वाचणंही झाड बदलतं, म्हणून रीड लॉकवर भागत नाही. प्रत्येक शोधाला राइट लॉक घ्यावा लागतो.