चेक-इन फॉर्म मराठीत करताय ना, मग हे बघा

वाशीच्या हॉटेलसाठी फॉर्म मराठीत करतोयस ना, मग एक लक्षात ठेव, रिसेप्शनवरची पोरं त्यावरूनच परदेशी पाहुण्याची माहिती सरकारकडे ऑनलाइन भरणार आणि ती २४ तासांत जायला लागते, त्यामुळे शब्द चुकला की माहितीच चुकते.

समज पाहुणा केनियात जन्मलेला, राहतो दुबईत, पासपोर्ट ब्रिटिश, सिडकोच्या एक्झिबिशन सेंटरला कामासाठी आलाय, इथून पुण्याला जाणार आणि मग घरी. तू नॅशनॅलिटीला नुसतं 'देश' लिहिलंस तर दुबईवाला यूएई टाकेल, म्हणून सरळ 'नागरिकत्व (पासपोर्टप्रमाणे)' लिही.

पर्पज ऑफ व्हिजिटला सगळे 'भेटीचा उद्देश' करतात, मग लोक कोणाला भेटायचंय ते लिहितात! 'भारतात येण्याचं कारण' बरं, आणि उत्तर व्हिसाच्या प्रकाराशी ताडून बघायला सांग, बिझनेस व्हिसा आणि फॉर्मवर पर्यटन असं दिसलं तर तिथल्या तिथे विचारायचं.

सगळ्यात जास्त घोळ नेक्स्ट डेस्टिनेशनचा. 'गंतव्य स्थान' वाचून माणूस दुबई लिहिणार, हवंय पुणे. 'इथून पुढे कुठे जाणार' एवढंच लिही.