नेतृत्वाचा गुणसिद्धांत संशोधकांनी का सोडला?

प्रश्न: आमचे सर म्हणतात, नेता जन्मावा लागतो, घडवता येत नाही. पुस्तकात मात्र लिहिलंय की थोर पुरुषांचा सिद्धांत आणि गुणसिद्धांत मागे पडले आणि संशोधक वर्तनाकडे, परिस्थितीकडे वळले. असं नेमकं काय सापडलं त्यांना? मी जळगावला एमबीएच्या पहिल्या वर्षाला आहे.

उत्तर:

गुणांना काहीच अर्थ नाही असं कुणाला सापडलं नव्हतं. गुणांचा संबंध दिसला, पण तो अपेक्षेपेक्षा फार कमी निघाला आणि गट बदलला की तोही बदलायचा. पुस्तकं हा भाग दोन ओळींत उरकतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

थॉमस कार्लाइलने 1840 मध्ये लंडनला व्याख्यानं दिली. जगाचा इतिहास म्हणजे थोर पुरुषांनी केलेल्या कामाचा इतिहास, हे त्याचं म्हणणं. पुढे 1869 मध्ये फ्रान्सिस गाल्टनने नामवंत माणसांच्या वंशावळी मांडून कर्तबगारी रक्तातून येते असा निष्कर्ष काढला. दोघांची अडचण एकच होती. त्यांनी फक्त जिंकलेली माणसं पाहिली. तेच गुण अंगी असूनही गावातच राहिलेली माणसं त्यांच्या यादीत येणारच नव्हती. शिवाय नामवंताच्या मुलाला बापाचं रक्त मिळतं तसं बापाचं घर, ओळखी आणि पैसाही मिळतो. त्यातल्या कशाने काम केलं हे वंशावळीवरून कळत नाही. हर्बर्ट स्पेन्सरने 1873 मध्येच उलट बाजू मांडली होती: थोर पुरुष समाज बदलण्याआधी समाजाने त्याला घडवलेलं असतं.

आपल्या भागातलं नाव घ्यायचं तर साने गुरुजी. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलातले हळवे, मृदू शिक्षक. 'नेत्याचे गुण' अशी यादी हातात घेऊन कुणी निवड करायला बसलं असतं तर त्यांच्यापाशी थांबलं नसतं. तरी खानदेशातले शेतकरी आणि गिरणी कामगार त्यांच्यामागे उभे राहिले. पण या एका उदाहरणाने गुणसिद्धांत खोटा ठरत नाही, हेही लक्षात ठेवा. एकेक माणूस उचलून सिद्धांत मांडणं ही तर कार्लाइलचीच पद्धत झाली. त्यासाठी बरेच गट मोजावे लागतात.

ते मोजमाप विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून चालू होतं. राल्फ स्टॉगडिलने 1904 ते 1947 या काळातले 124 अभ्यास एकत्र करून 1948 मध्ये त्यांचा आढावा छापला. बुद्धी, अभ्यासातली गती, विश्वासूपणा, कामातला सहभाग, घरची आर्थिक-सामाजिक स्थिती यांत नेते सरासरीने इतरांपेक्षा थोडे पुढे दिसले. 'थोडे' म्हणजे किती? बुद्धीशी सहसंबंध सरासरी 0.28 च्या आसपास, उंचीशी 0.30 च्या आसपास. 0.30 चा अर्थ असा लावा: गटातली कुठलीही दोन माणसं घेतली आणि उंच माणूस नेतृत्वात वरचढ असेल असं सांगितलं, तर 100 पैकी साधारण 60 वेळा ते बरोबर येईल. नाणं उडवलं तर 50 वेळा येतं. संबंध आहे, पण एवढ्यावर माणूस निवडता येत नाही.

खरा धक्का वयाच्या आकड्यांनी दिला. वेगवेगळ्या अभ्यासांत वय आणि नेतृत्व यांचा सहसंबंध उणे 0.32 पासून अधिक 0.72 पर्यंत पसरला होता. म्हणजे काही गटांत वयाने मोठा तो पुढारी, तर काही गटांत चक्क लहान तो. हे नुसतं कमी-जास्त असणं नाही, इथे दिशाच उलटते. गुण माणसात असतो आणि तोच नेता बनवतो, असं असतं तर गट बदलल्यावर दिशा उलटायला नको होती. स्टॉगडिलने निष्कर्ष काढला की काही गुणांचा संच अंगी आहे म्हणून कुणी नेता होत नाही. त्याचे गुण त्या गटातल्या माणसांशी, त्यांच्या कामाशी आणि उद्दिष्टांशी जुळावे लागतात.

दुसरं कारण व्यवहाराचं होतं. कारखान्यांना आणि सैन्याला हजारो पर्यवेक्षक हवे होते. जन्मजात गुण शोधायचे म्हटले तर फक्त निवड करता येते, शिकवता काहीच येत नाही. 1945 च्या सुमारास ओहायो स्टेट विद्यापीठातल्या गटाने (स्टॉगडिलही त्यातच होता) प्रश्न बदलला: नेता कसा आहे हे सोडा, तो दिवसभर करतो काय? त्यांनी नेत्याच्या वागण्याची सुमारे 1800 वाक्यं जमवली, गाळून 150 वर आणली आणि हाताखालच्या माणसांकडून भरून घेतली. त्यातून वागण्याच्या दोन बाजू पुढे आल्या. एक आस्था: ऐकून घेणं, मान राखणं, अडचण समजून घेणं. दुसरी कामाची आखणी: कुणी काय, कसं, कधीपर्यंत करायचं हे ठरवून देणं आणि त्याचा पाठपुरावा करणं. या दोन बाजू एकमेकींच्या विरुद्ध नाहीत. एकाच माणसात दोन्ही भरपूर असू शकतात.

या धाग्यातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा अभ्यास एडविन फ्लाइशमन आणि एडविन हॅरिस यांचा, 1962 चा. ट्रक बनवणाऱ्या एका कारखान्यातले 57 फोरमन त्यांनी घेतले. फोरमन कसा वागतो हे त्याच्या कामगारांकडून भरून घेतलं आणि कारखान्याच्या दप्तरातून त्या गटाच्या लेखी तक्रारी आणि काम सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण काढलं. आस्था वाढली की तक्रारी कमी, आखणीचा जोर वाढला की तक्रारी जास्त, असं ढोबळ चित्र आलं. पण तेही सरळ रेषेत नव्हतं. आस्था एका मर्यादेपर्यंत वाढली की पुढे फरक पडेनासा होत होता.

मग त्यांनी दोन्ही बाजू एकत्र पाहिल्या. ज्या फोरमनमध्ये आस्था कमी, त्याच्या गटात तक्रारी जास्तच होत्या, मग तो कामाची आखणी सैल ठेवो की कडक. ज्याच्यात आस्था भरपूर, तो आखणी बरीच कडक करू शकत होता आणि तक्रारी फारशा वाढत नव्हत्या. आखणीच्या कडकपणाचा फरक सर्वांत जास्त दिसला तो मधल्यांमध्ये. म्हणजे 'कडक माणूस चांगला की मऊ' हा प्रश्नच अपुरा होता. एकाच कडकपणाचा परिणाम तो कुणाकडून येतो यावर बदलतो.

आपल्याकडच्या जिनिंगमध्ये हे डोळ्यांनी बघता येतं. पर्यवेक्षकांच्या प्रशिक्षणासाठी माझं तिथे जाणं-येणं असतं. मुकादम नेमताना मालक बहुतेक वेळा अंगापिंडाने दणकट, खणखणीत आवाजाचा माणूस बघतो. हा नकळत वापरलेला गुणसिद्धांतच. पण सातपुड्यातून आलेली माणसं होळीला घरी जातात आणि कपाशीचा हंगाम अजून शिल्लक असतो. तेव्हा कुठल्या मुकादमाची टोळी परत येते, हे मोजायला सोपं आणि बोलकं माप आहे. ज्याने पाळी ठरवून दिली, जिनात कापूस कुणी टाकायचा आणि रुई कुणी ओढायची हे रोज सकाळी सांगितलं, पण उचलीचा हिशोब उघड ठेवला आणि पोर आजारी पडलं तर सुट्टी दिली, त्याचा कडकपणा माणसं सोसतात. तोच कडकपणा हिशोब लपवणाऱ्याने केला की टोळी दुसऱ्या जिनात जाते. आवाज दोघांचाही मोठाच असतो.

इथे एक सावधगिरी हवी. कमी आस्थेमुळे तक्रारी झाल्या, की तक्रारखोर, अर्धवट काम करणारा गट मिळाला म्हणून फोरमन कडक झाला? एकाच वेळी मोजलेल्या आकड्यांवरून हे सांगता येत नाही. लोविन आणि क्रेग यांनी 1968 मध्ये प्रयोग केला, त्यात हाताखालचा माणूस मुद्दाम कधी कामात चोख, कधी ढिला ठेवला. ढिला माणूस मिळाला की वरचा जास्त जवळून लक्ष ठेवायचा आणि आस्थाही कमी दाखवायचा. म्हणजे वागणंही परिस्थितीतून येतं.

प्रशिक्षणातही हाच धडा मिळाला. इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीच्या फोरमनना शिबिरात आस्थेने वागायला शिकवलं गेलं. शिबिर संपताना फरक दिसला, कारखान्यात परतल्यावर तो टिकला नाही. तिथे फोरमनचं वागणं ठरत होतं ते मुख्यतः त्याच्या वरच्या साहेबाच्या वागण्यावर. वर्तन शिकवून भागेल ही आशा इथे अडली.

मग 1960 च्या दशकात फ्रेड फीडलरने परिस्थितीच मोजायला घेतली: माणसांचं नेत्याशी नातं कसं, काम किती ठरीव, आणि नेत्याच्या हातात नेमणूक-बढती-शिक्षेचा अधिकार किती. त्याच्या मते सगळं अनुकूल किंवा सगळं प्रतिकूल असेल तिथे कामावर रोख असणारा नेता चालतो, मधल्या स्थितीत नाती जपणारा. जिनातलं काम ठरीव असतं. केळी उत्पादकांची नवी कंपनी उभी करायची, तर रावेरच्या बैठकीत काय करायचं हेच आधी ठरलेलं नसतं आणि कुणावर हुकूमही चालत नाही. तोच मुकादम तिथे तसाच चालेल असं धरता येत नाही. फीडलरच्या मापनपद्धतीवर टीका भरपूर झाली, पण परिस्थितीचे घटक वेगळे करून मोजायचे, ही दिशा टिकली.

आणि तुमचे सर पूर्ण चुकीचे नाहीत. 1983 मध्ये केनी आणि झक्कारो यांनी जुन्या प्रयोगाचे आकडे पुन्हा तपासले. त्या प्रयोगात दर वेळी काम आणि सोबती दोन्ही बदलले होते. तरी नेतृत्वातल्या फरकाचा 49 ते 82 टक्के भाग माणसासोबत राहत होता. त्यांचा अंदाज असा की हा टिकणारा गुण म्हणजे गटाला काय हवं ते ओळखून वागणं बदलण्याची क्षमता. 2002 मध्ये टिमथी जज आणि सहकाऱ्यांनी व्यक्तिमत्त्वाचे पाच घटक घेऊन बरेच अभ्यास जोडले, तेव्हा बहिर्मुखतेशी सहसंबंध 0.31 आला. तो आकडाही स्टॉगडिलच्या आकड्यांच्या शेजारचाच आहे.

सरांशी बोलायचं झालं तर त्यांना विचारा की 'नेता' म्हणजे त्यांनी काय मोजलं: लोक ज्याला नेता मानतात तो, की ज्याच्या गटाचं काम चांगलं होतं तो? गुणांचे बरेचसे अभ्यास पहिल्याचे आहेत. फ्लाइशमन आणि हॅरिस तक्रारींच्या दप्तराकडे गेले ते दुसऱ्यासाठी.