आरशातला शर्ट, उलटी सोंड आणि आईची पापणी : वाचकांचे प्रश्न

मी कुडाळला फोटोवरून पेन्सिल पोर्ट्रेट करून देतो. ऑर्डरचे फोटो सगळे मोबाइलवरच येतात आणि त्यातले निम्मे उलटे असतात, त्यामुळे या विषयावर माझं डोकं बऱ्यापैकी तापलेलं आहे. यावेळचे प्रश्नही त्याच लायनीतले आले.

कपाटाच्या आरशात सेल्फी काढला की टीशर्टवरची अक्षरं उलटी येतात. मग डोकं खाली पाय वर का होत नाही? (मालवण)

काजूगराची पारदर्शक पिशवी घ्या, नाव छापलेली. ती स्वतःला वाचता येईल अशी समोर धरा आणि आता तिच्यातून आरपार आरशात बघा. आरशातलं नाव सरळच दिसेल! आता पिशवी फिरवून छापील बाजू आरशाकडे करा, नाव उलटं. म्हणजे आरशाने डावं-उजवं काही केलेलं नाही, पिशवी तुम्हीच फिरवली. टीशर्टचं तेच आहे, त्यावरची अक्षरं मुळातच तुमच्याकडे पाठ करून असतात, टीशर्टच्या आत बसून कापडातून आरपार बघितलं तर जशी दिसली असती तशीच आरसा दाखवतो. आरसा बदलतो ते फक्त पुढचं-मागचं. तुमचा डावा हात आरशातही डाव्याच बाजूला राहतो, डोकं वरच राहतं. आपण मनातल्या मनात आरशातल्या माणसाच्या जागी जाऊन उभे राहतो म्हणून त्याचा हात 'उजवा' वाटतो, एवढंच.

आणि अक्षरांवर आंधळा विश्वास नको. टेनिस बॉल टूर्नामेंटची ११ नंबरची जर्सी, तीही नुसत्या दोन उभ्या दांड्यांची, उलटी केली तरी ११च. इंग्रजी A, H, M, O, T सारखी अक्षरं आरशात तशीच राहतात, त्यामुळे एकच अक्षर बघून ठरवू नका, पूर्ण शब्द बघा.

आरशात मी ठीक दिसते पण मैत्रिणीने काढलेल्या फोटोत नाक वाकडं आणि जबडा एका बाजूला सरकलेला. खरी मी कुठली? (वेंगुर्ला)

दोन्ही. वाकडेपणा दोन्हीकडे तेवढाच आहे, बाजू बदललीय. पटत नसेल तर तोच फोटो प्रिंट काढा, डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत पट्टीने मोजा. समजा एका बाजूला ५२ मिमी आलं, दुसऱ्या बाजूला ४९. आता फोटो फ्लिप करून तेवढ्याच साइजची प्रिंट काढा, ५२ आणि ४९च येणार, फक्त जागा बदलून.

मग एवढं खटकतं का, तर समजा नाक मधल्या रेषेपासून २ मिमी एका बाजूला आहे. तुम्ही जन्मभर आरसा बघून डोळ्यांना त्या २ मिमीची सवय लावलीय, तुमच्या लेखी तेच 'सरळ'. फोटोत तेच नाक २ मिमी दुसऱ्या बाजूला जातं, म्हणजे तुमच्या आठवणीतल्या नाकापासून फरक पडला ४ मिमीचा. मैत्रिणीला मात्र काहीच वाटत नाही कारण तिने तुम्हाला कायम असंच बघितलंय. १९७७ साली अमेरिकेत हे नीट तपासून झालंय, मुलींना स्वतःचा आरशातला चेहरा जास्त आवडला आणि त्यांच्या मैत्रिणींना सरळ फोटोतला.

मोजताना मान किंचितही वळलेली नको. दोन्ही कान सारखे दिसतायत का बघा, एक जास्त दिसत असेल तर आकडे सोडून द्या, ते चेहऱ्याचे नाहीत, मानेचे आहेत. आणि एक गोष्ट वेगळी. तोंड अचानक एका बाजूला ओघळलं, डोळा मिटेना, असं आज-कालच झालं असेल तर फोटो फ्लिप करत बसू नका, लगेच डॉक्टर गाठा.

चवथीला घरच्या गणपतीबरोबर सेल्फी काढला, मूर्ती डाव्या सोंडेची, फोटोत उजवी दिसते! आजी घाबरली. (कणकवली)

आजीला सांगा सोंड आहे तिथेच आहे. सोंड डावी की उजवी हे गणपतीच्या स्वतःच्या बाजूने मोजतात, म्हणजे डाव्या सोंडेची मूर्ती समोर ठेवली की सोंड आपल्या उजव्या हाताकडे वळलेली दिसते. तुमच्या फोटोत ती आपल्या डाव्या हाताकडे गेली, म्हणजे फोटो आरशासारखा सेव्ह झालाय.

फ्रंट कॅमेऱ्याची स्क्रीन कायम आरशासारखीच दाखवते, नाहीतर केस सारखे करताना हात भलतीकडे जाईल. प्रश्न सेव्ह होताना काय होतं याचा आहे आणि ते सेटिंगवर असतं. आयफोनवर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये Mirror Front Camera नावाचं बटण आहे, ते बंद असेल तर फोटो सरळ सेव्ह होतो. सॅमसंगवर Save selfies as previewed असं काहीसं असतं, मॉडेलप्रमाणे शब्द थोडे बदलतात, तेही बंद ठेवा. पण आरशासमोर उभं राहून मागच्या कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोला यातलं एकही बटण लागू नाही, तिथे उलटा आरसाच करतो, कॅमेरा बिचारा समोर दिसतं ते इमानदारीत टिपतो. तो फोटो नंतर फ्लिपच करावा लागतो.

आईचं पोर्ट्रेट करून घ्यायचंय, चार फोटो आहेत, दोन सेल्फी. तुम्हाला कुठले पाठवू? (देवगड)

सगळे पाठवा, पण आधी माझी एक फजिती ऐका. दोनेक वर्षांपूर्वी अशीच एक ऑर्डर होती, १२ बाय १६ इंचाची. एक फोटो लग्नातला, फोटोग्राफरने काढलेला, दुसरा लेकीबरोबर आरशासमोरचा. लग्नातल्या फोटोत त्या बाईंच्या डाव्या डोळ्यावर केसांची सावली होती म्हणून मी उजवा डोळा तिथून घेतला आणि डावा दुसऱ्या फोटोतून. फोटो उलटा आहे हे ध्यानातच आलं नाही. बाईंच्या उजव्या डोळ्याची पापणी खरंच थोडी उतरलेली होती. आरशातल्या फोटोत मी डावा समजून काढला तोही उजवाच डोळा! कागदावर दोन्ही पापण्या उतरल्या. लेक बघून म्हणाली, "आई झोपेतून उठल्यासारखी का दिसते ओ?" आठवडाभराचं काम परत केलं, फुकट.

तेव्हापासून पेन्सिल हातात घेण्याआधी मी सगळे फोटो एका दिशेला आणतो. आधी एक खात्रीचा फोटो शोधतो, ज्यात काहीतरी पूर्ण शब्दात वाचता येतंय, मागे दुकानाची पाटी, भिंतीवरचं कॅलेंडर, काहीही. ते सरळ असेल तर हा माझा मापदंड. मग त्यातली चेहऱ्यावरची एक पक्की खूण निवडतो, तीळ किंवा जुना व्रण, आणि बाकीच्या प्रत्येक फोटोत ती कुठल्या गालावर आहे ते बघतो. वेगळ्या गालावर असेल तो फोटो फ्लिप. वाचण्यासारखं काहीच नसेल तर कपडे मदत करतात. पुरुषाच्या शर्टाचा खिसा त्याच्या डाव्या छातीवर असतो, म्हणजे सरळ फोटोत आपल्या उजव्या हाताकडे. बाईंची नथ डाव्या नाकपुडीत, पदर बहुतेक डाव्या खांद्यावर, पण गुजराती पद्धतीची साडी असेल तर पदर उजवीकडे येतो म्हणून एकट्या पदरावर जाऊ नका, दोन खुणा तरी जुळू देत. घड्याळ तर अजिबात नको, डावखुरे लोक ते उजव्या हातात घालतात. भांगही लोक बदलतात. काहीच जुळेना तर सरळ घरी फोन करून विचारा, तीळ कुठल्या गालावर, मी विचारतो. त्यातही "आईच्या डाव्या की तुमच्या डाव्या?" हे विचारायचं, नाहीतर परत तोच घोळ.

फ्लिप मोबाइलच्या गॅलरीतच होतो, एडिटमध्ये क्रॉपजवळ समोरासमोर दोन त्रिकोणांसारखं चिन्ह असतं. फिरवायचं बटण वेगळं हां, १८० अंशात फिरवून फोटोतलं डोकं खाली जातं, फोटो सरळ होत नाही. कॉम्प्युटरवर ImageMagick वापरणाऱ्यांची गंमत म्हणजे तिथे `-flip` वर-खाली करतं आणि आपल्याला हवं ते `-flop`, मोबाइलचा फोटो कधीकधी आत आडवा साठवलेला असतो म्हणून त्याआधी `-auto-orient`:

```
magick ulta.jpg -auto-orient -flop saral.jpg
```

मूळ फोटो मात्र डिलीट करू नका, आणि सरळ केलेल्याच्या नावात 'सरळ' लिहा, नाहीतर महिन्याभराने तोच फोटो परत फ्लिप होतो. माझा झालाय.

नुसती टीशर्टवरची अक्षरं उलटून चिकटवली तर? मला आरशातला चेहराच आवडतो. (रत्नागिरी)

डीपीला लावा की, कोण अडवतंय. पण चित्रासाठी तो फोटो देऊ नका. अक्षरं सरळ आणि तीळ उलट्या गालावर, असा फोटो माझ्यासारख्याला सगळ्यात जास्त फसवतो कारण मी पहिली तपासणी अक्षरांवरच करतो. तसंच जोडप्याच्या चित्रात एकावर उजेड डावीकडून आणि दुसऱ्यावर उजवीकडून असेल तर एकाला फ्लिप करून उजेड जुळवायचा मोह होतो, मलाही होतो. उजेड जुळतो पण माणूस बदलतो. त्यापेक्षा खिडकीशी बसवून नवीन फोटो मागवलेला बरा.

आरशातल्या सेल्फीची एक चांगली बाजू मात्र सांगतो. हात लांब करून काढलेल्या सेल्फीत फोन अगदी जवळ असतो, म्हणून नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. २०१८ च्या एका अमेरिकन अभ्यासात ३० सेंमीवरून काढलेल्या फोटोत नाक दीड मीटरवरच्या फोटोपेक्षा जवळपास ३० टक्के रुंद दिसतं असं निघालं. आरशापासून तुम्ही आणि फोन साधारण एक मीटरवर असाल तर उजेडाला जाऊन-येऊन दोन मीटर पडतात, त्यामुळे नाक-कानाचं प्रमाण बरंच खरं येतं. फोन छातीशी तिरका धरू नका, तोंडाच्या उंचीवर थोडा बाजूला, आरशाला समांतर धरा, आणि आरसा नीट सपाट हवा, स्वस्तातल्या पातळ आरशात चेहरा लाटेसारखा ओढला जातो आणि ते फ्लिप करून जात नाही.

आणि चित्र तयार झाल्यावर "ही मी वाटत नाही" असं वाटलं तर चित्राचा मोबाइलवर फोटो काढून तो फ्लिप करून बघा. फ्लिप केल्यावर आवडलं तर चित्र बरोबर आहे. तरीही नाही आवडलं तर चूक माझी, घेऊन या.