दोन रजिस्टरे आणि ५९३ रुग्ण

प्रश्न: माझ्या लघुकथेतील रुग्णालयाचा लिपिक दोन जुनी रजिस्टरे एकत्र करतो आणि रुग्णांची एकूण संख्या बदलते. मैत्रिणीने कथा वाचून विचारले, "माणसे तीच असताना आकडा कसा बदलेल?" मला उत्तर देता आले नाही. घोटाळा किंवा भूतबाधा न आणता हे पटेल असे कसे लिहावे?

उत्तर:

मी बरीच वर्षे अभिलेख कक्षात काम केले आहे, त्यामुळे आपल्या लिपिकाचे दुखणे माझ्या ओळखीचे आहे. रजिस्टरातील एक ओळ म्हणजे एक रुग्ण नव्हे. ती एका वेळच्या दाखल होण्याची नोंद असते. तोच माणूस वर्षात तीनदा दाखल झाला तर त्याच्या तीन ओळी होतात. कथेत घोटाळ्याची गरज पडत नाही ती यामुळेच. मात्र लिपिक नेमके काय मोजतो आहे, हे आपण आधी ठरवायला हवे.

समजा रुग्णालयाच्या दोन इमारती आहेत आणि प्रत्येकीचे दाखल-रजिस्टर वेगळे आहे. पहिल्यात ४१२ नोंदी आहेत आणि पुन्हा पुन्हा आलेले रुग्ण एकदाच धरले तर ती ३८५ माणसे होतात. दुसऱ्यात २६८ नोंदी असून माणसे २५१ आहेत. इतकी वर्षे वरच्या कार्यालयाला ३८५ अधिक २५१, म्हणजे ६३६ रुग्ण असाच आकडा कळवला गेला. ही बेरीज चुकीची आहे, पण ते कोणाच्या लक्षात आले नाही, कारण दोन्ही रजिस्टरे कधी एका टेबलावर उघडलीच गेली नव्हती. पहिल्या इमारतीतून दुसरीत हलवलेला रुग्ण दोन्हीकडे एकेकदा मोजला जात होता.

लिपिक दोन्ही रजिस्टरांतील नोंदी संगणकावर एका यादीत चढवतो. इथे एक बारकावा अवश्य घ्यावा: दोन्ही रजिस्टरांतील नोंदणी क्रमांक १ पासून सुरू होतात, त्यामुळे ११७ क्रमांकाचे दोन अगदी वेगळे रुग्ण असतात. क्रमांकावरून जोड्या लावल्या असत्या तर परक्या माणसांचे कागद एकमेकांत मिसळले असते. म्हणून आपला लिपिक प्रत्येक जुन्या क्रमांकामागे रजिस्टराची खूण लावतो आणि नाव, वय व लिंग जुळले की तो एकच माणूस मानतो. अशा ४३ जोड्या सापडतात. ६३६ मधून ४३ वजा होऊन ५९३ उरतात आणि आपल्या मैत्रिणीच्या प्रश्नाचे उत्तर तिथे मिळते. माणसे तेवढीच आहेत, फक्त दोनदा मोजलेली आता एकदा मोजली गेली.

पुष्कळ लेखक इथे थांबतील. माझ्या मते खरी कथा इथून पुढे आहे, कारण त्या ४३ जोड्या लिपिक मूळ पाने काढून एकेक करून तपासू लागतो.

दोन जोड्यांत दोन्हीकडे नावाच्या रकान्यात "अनोळखी पुरुष, अंदाजे वय ४०" असे लिहिलेले आहे. यादीच्या दृष्टीने हे नाव, वय आणि लिंग तंतोतंत जुळते. प्रत्यक्षात एका जोडीतल्या पहिल्या माणसाच्या शेऱ्यात मृत्यूची नोंद आहे आणि दुसरा त्यानंतर तीन आठवड्यांनी दाखल झाला आहे. दुसऱ्या जोडीत दोघेही एकाच रात्री दोन वेगळ्या इमारतींत खाटेवर आहेत. तिसऱ्या जोडीत नवजात मुली आहेत. नाव ठेवलेले नसल्याने दोन्हीकडे आईच्या नावापुढे "यांचे बाळ" एवढेच लिहिलेले आहे; जन्मवेळेत नऊ मिनिटांचे अंतर आहे आणि वजनेही निराळी आहेत. त्या जुळ्या होत्या आणि यादीने त्यांची एकच मुलगी करून टाकली होती. आणखी तीन जोड्या निव्वळ नामसाधर्म्याच्या निघतात. पत्ता आणि नातेवाइकाचे नाव पाहताच त्या सुटतात. अशा एकूण सहा जोड्या मोडाव्या लागतात.

सहा जोड्या मोडल्या म्हणजे आकडा ५९९ झाला. आता उलट बाजू पाहावी. यादीला न दिसलेल्या जोड्याही असतात. "सुशीला" आणि "सुशिला" यंत्राला दोन बायका वाटतात. लग्नानंतर आडनाव बदललेली स्त्री हुकते. वयाची तर फारच गंमत असते, कारण दाखल करणारा माणूस घाईत ४०, ४५, ५० असे गोल आकडे सांगतो आणि पुढच्या खेपेला त्याच रुग्णाचे वय ४३ लिहिले जाते. म्हणून केवळ वय जुळले नाही एवढ्यावरून मी कधीही दोन माणसे वेगळी ठरवली नाहीत. लिपिकाने इथे शेऱ्याचा रकाना धरावा. पहिल्या रजिस्टरात "दुसऱ्या इमारतीत हलवले" असा शेरा असेल आणि दुसऱ्यात त्याच तारखेला, त्याच आजारासाठी, त्याच पत्त्याचा रुग्ण दाखल झालेला असेल, तर नावाच्या वेलांटीकडे दुर्लक्ष करता येते. अशा सहा जोड्या पक्क्या होतात. ५९९ मधून सहा गेले आणि आकडा पुन्हा ५९३ झाला.

हा योगायोग कथेत जरूर ठेवा. चुकून जोडलेले सहा आणि चुकून सुटलेले सहा एकमेकांना झाकून टाकतात आणि एकूण संख्या जागची हलत नाही. वरिष्ठ विचारतात, "पंधरा दिवस खर्ची घातलेत आणि आकडा तोच?" लिपिकाला उत्तर देता येते, पण ते आकड्यात मांडता येत नाही. बारा ठिकाणचे कागद बदललेले असतात, हे एकूण बेरजेतून कोणालाही दिसणार नाही.

या दोन प्रकारच्या चुका सारख्याच घातक आहेत असे आपला लिपिक मानत नसावा. एका माणसाचे कागद दोन ठिकाणी राहिले तर डॉक्टरांना अर्धा इतिहास दिसतो, आणि तेही वाईटच. परंतु दोन माणसांचे कागद एकत्र झाले तर एकाचा रक्तगट किंवा औषधाची ॲलर्जी दुसऱ्याच्या नावावर जाते आणि वाचणाऱ्याला संशयही येत नाही, कारण कागद पूर्ण दिसतो. म्हणूनच जाणता लिपिक जोडताना हात आखडता घेतो, जुना क्रमांक कधी खोडत नाही आणि कोणती जोडी कोणत्या पुराव्यावर लावली हे शेजारी लिहून ठेवतो, म्हणजे उद्या ती मोडता येते.

माझी एक सूचना आहे. एक जोडी न सुटलेली ठेवा: नाव जवळपास सारखे, वयात दोन वर्षांचा फरक, एका रजिस्टरात पत्त्यावर पाणी पडून शाई पसरलेली. ती माणसे एक की दोन हे ठरवण्याजोगे काहीच हाती नाही. लिपिक त्यांना वेगळे ठेवतो आणि दोन्ही नोंदींसमोर पेन्सिलने एकमेकींचा क्रमांक लिहितो. वरच्या कार्यालयाच्या तक्त्यात मात्र संख्येसाठी एकच चौकट असते. तो तीत ५९३ लिहितो, काही क्षण पेन्सिल हातात तशीच धरतो आणि मग तक्ता पुढे पाठवतो.