ओडी खात्याचं व्याज स्टेटमेंटवरून कसं पडताळायचं?

प्रश्न: दुकानाच्या ओडी खात्यावर बँक दर महिन्याला वेगळंच व्याज कापते. ते बरोबर आहे का, हे नुसत्या स्टेटमेंटवरून मला स्वतःला तपासता येईल का?

उत्तर: येईल, आणि त्यासाठी सरासरी काढायच्या फंदात पडू नका. बँक रोज दिवसअखेरीची नावे बाकी धरते, महिन्याभराच्या या बाक्यांची बेरीज करते आणि तिला वार्षिक दराने गुणून ३६५ ने भागते. दिवसभरात दहा नोंदी झाल्या तरी व्याजासाठी शेवटची बाकीच मोजायची. रविवारी नि सुट्टीच्या दिवशी आदल्या दिवसाची बाकी पुढे चालू राहते. घरी हिशेब करताना नेमके हेच दिवस सुटतात, कारण स्टेटमेंटमध्ये त्यांची ओळच नसते.

मी दुकानदारांचे हिशेब पाहतो, तेव्हा आधी दर तपासतो. सँक्शन लेटरमध्ये बहुधा 'रेपो अधिक अमुक टक्के' असं लिहिलेलं असतं. रेपो बदलला की दर लगेच बदलेलच असं नाही, पण तीन महिन्यांतून एकदा तरी तो रीसेट व्हायला हवा. महिन्याच्या मध्ये दर बदलला असेल तर त्या तारखेला हिशेबाचे दोन तुकडे करा.

आता एक नमुना घेऊ. दर १०.९५ टक्के, म्हणजे लाखामागे दिवसाला ३० रुपये. १ जूनला नावे बाकी ४,००,०००. ६ तारखेला माल घेतला, बाकी ६,५०,०००. १४ तारखेला ३ लाखांचा चेक जमा, बाकी ३,५०,०००. २४ तारखेला एक लाख दिले, बाकी ४,५०,०००, आणि महिनाअखेरपर्यंत तीच.

म्हणजे ५ दिवस ४ लाख, ८ दिवस साडेसहा लाख, १० दिवस साडेतीन लाख आणि ७ दिवस साडेचार लाख. दिवस तीसच भरतात ना, हे आधी पाहा. गुणाकारांची बेरीज १,३८,५०,००० येते आणि व्याज ४,१५५ रुपये. एक्सेलमध्ये रोजची बाकी B2 ते B31 मध्ये भरा. नावे बाकी अधिक धरा, आणि खातं जमेत गेलं असेल तर तो आकडा वजा चिन्हाने लिहा, म्हणजे तो दिवस आपोआप वगळला जाईल:

```
=SUMIF(B2:B31,">0")*10.95/36500
```

३० तारखेलाच व्याज नावे पडलं असेल तर त्या दिवशीची बाकी व्याज पडण्याआधीची घ्या.

समजा बँकेने कापले ४,३३५. फरक १८० रुपयांचा. इथे बहुतेक जण थांबतात आणि बँकेत जाऊन 'जास्त कापलंय' एवढंच सांगतात. त्याऐवजी हा फरक उलटा मोजा. १८० ला रोजच्या दराने, म्हणजे ०.०००३ ने भागलं की ६,००,००० येतात. आता खात्यात अशी कुठली रक्कम आहे, जी काही दिवसांनी गुणली की सहा लाख होतात? तीन लाखांचा चेक, दोन दिवस. त्या नोंदीची व्हॅल्यू डेट, म्हणजे बँक ज्या तारखेपासून ती रक्कम व्याजासाठी धरते ती तारीख, पाहा. नोंद १४ ची दिसली तरी व्हॅल्यू डेट १६ असेल, तर बँकेने ते दोन दिवस तुमची बाकी साडेसहा लाखच धरली. चेक खरोखर १६ ला वटला असेल तर बँकेचं बरोबर आहे. पण ४ ऑक्टोबर २०२५ पासून चेक त्याच दिवशी वटवण्याची पद्धत सुरू झाली आहे, त्यामुळे दोन दिवसांचं अंतर दिसलं तर कारण विचारायलाच हवं.

फरक १३५ चा निघाला असता तर? ते साडेचार लाखांवरचं एका दिवसाचं व्याज. बँकेने २९ तारखेपर्यंतच मोजलं असेल, तर तेवढं कमी पडेल आणि तो दिवस जुलैच्या हिशेबात जाईल. म्हणून लागोपाठ दोन महिने तपासल्याशिवाय मी कुणाला तक्रार करायला सांगत नाही. आणि जूनचं व्याज जुलैच्या बाकीत मिसळून त्यावर पुन्हा व्याज लागतं, ते नियमातच आहे.

दंडाचं मात्र तसं नाही. स्टॉक स्टेटमेंट उशिरा दिलं म्हणून दोन टक्के व्याजदर वाढवणं रिझर्व्ह बँकेच्या १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने बंद झालं. दंड आता वेगळा आकार म्हणून लावायचा आणि त्यावर पुढे व्याज धरायचं नाही. तुमच्या उलट्या हिशेबात फरकाला कुठल्याच नोंदीशी जुळणी सापडत नसेल, उलट तो सगळ्या दिवसांवर सारखा पसरलेला दिसत असेल, तर दर वाढवलेला आहे का ते पाहा. एकूण व्याजाला ३६,५०० ने गुणून बाक्यांच्या बेरजेने भागलं की बँकेने प्रत्यक्ष लावलेला दर मिळतो.

शाखेत लेखी अर्ज द्या. त्यात नोंदीची तारीख, व्हॅल्यू डेट, रक्कम आणि फरक लिहा, आणि व्याजाचा दिवसवार तक्ता मागा. पोच घ्यायला विसरू नका. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर cms.rbi.org.in वर लोकपालांकडे तक्रार करताना हाच अर्ज जोडता येतो.